एसीतला घोळणा: तीन महिने, तेरा नंबरची खुर्ची आणि मिठाच्या पाण्याची बाटली

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, ऐरोलीत एका ऑफिसात सपोर्टचं काम करते आणि शिफ्ट बहुतेक दुपारी दोन ते रात्री अकरा. माझ्या नाकाचं जे झालं ते फार मोठं दुखणं नव्हतं, पण तीन महिने डोक्याला ताप झाला आणि नेटवर शोधलं तर एकीकडे 'काही नाही हो कांदा हुंगा' आणि दुसरीकडे थेट कॅन्सर, मधलं काही सापडलंच नाही, म्हणून हे मधलं लिहून ठेवतेय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमची टीम खालच्या मजल्यावर हलवली. मला मिळाली तेरा नंबरची खुर्ची, आणि बरोब्बर डोक्यावर एसीची जाळी. पहिल्या दिवशी मला छानच वाटलं कारण लोकलमधून घामाघूम होऊन यायचं आणि थेट गार हवेखाली बसायचं. साधारण दहा दिवसांनी नाकात आतून ताणल्यासारखं वाटायला लागलं, म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं कडक. मग खपल्या. सकाळी उठलं की उजव्या नाकपुडीत मेकूड घट्ट चिकटलेलं, काढलं की टोकाला लाल ठिपका. काढायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल, पण ती खपली आत टोचत राहते आणि बोट आपोआप जातं. रुमालाच्या टोकाने, नखाने, आंघोळीच्या वेळी शिंकरून, सगळे प्रकार मी केलेत.

११ मार्चला ऑफिसच्या वॉशरूममध्ये शिंक आली आणि बेसिन लाल. घोळणा फुटण्याची माझी ही लहानपणानंतरची पहिली वेळ. मैत्रीण धावत आली, 'अगं मान मागे कर, मागे कर' म्हणत तिनेच मान मागे केली, मी ती तशीच ठेवली आणि पुढची दहा मिनिटं रक्त घशात उतरत राहिलं. ते पोटात गेलं की मळमळतं हे तेव्हा कळलं, घरी जाताना ठाण्याला उतरून प्लॅटफॉर्मवरच उलटी झाली, उलटीत काळपट रक्त दिसलं आणि मी जाम घाबरले. ते नाकातून गिळलेलंच होतं, पण रात्री बारा वाजता प्लॅटफॉर्मवर हे कोण सांगणार.

त्या महिन्यात अजून तीनदा झालं. प्रत्येक वेळी थोडंच, दोन टिश्यू भरतील एवढं, प्रत्येक वेळी उजवीकडून. आईने कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर गार पाणी ओतलं, रात्री नाकात तूप सोडायला सांगितलं. मेडिकलवाल्याला 'नाक चोंदतंय' म्हटलं तर त्याने चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब दिले. ते टाकले की पाच मिनिटांत मस्त मोकळं वाटायचं, म्हणून मी दिवसातून तीनदा टाकत राहिले, जवळजवळ बारा दिवस. इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली. ते थेंब रक्तवाहिन्या आकसवून सूज उतरवतात, पाच-सात दिवसांच्या वर वापरले की उलटं होतं, थेंबांचा असर गेला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि अस्तर कोरडं पडतं ते वेगळंच. माझं नाक मुळात शेंबडाने चोंदलेलं नव्हतंच, खपल्यांनी अडलं होतं.

२७ मार्चला शेवटी फॅमिली डॉक्टरकडे गेले. त्यांनी आधी बीपी बघितला (१२४/८०), मग विचारलं, ऍस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कुठली गोळी घेता का, अंगावर आपोआप काळेनिळे डाग येतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, पाळीत खूप जास्त जातं का, घरात कोणाला असं होतं का. सगळ्याला नाही. तरी एकाच बाजूने चारदा झालंय म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलं आणि सीबीसी करून घ्यायला सांगितली. फी ३००, सीबीसी ३५०. रिपोर्टात प्लेटलेट नॉर्मल, हिमोग्लोबिन ११.४, जे माझं नेहमीचंच आहे.

ईएनटीची अपॉइंटमेंट मिळाली ५ एप्रिलची, शनिवार, सकाळी साडेदहा. नंबर लागला पावणेएकला. वेटिंग रूममध्येही एसी, आणि बरोब्बर माझ्या तोंडावर, म्हणजे हसावं की रडावं. त्या डॉक्टर बाई वयस्कर, कमी बोलणाऱ्या. कपाळाला दिवा लावून नाकपुडी चिमट्यासारख्या यंत्राने थोडी फाकवून बघितलं, दुखलं नाही, फक्त डोळ्यातून पाणी आलं. मग म्हणाल्या, 'बोट इथपर्यंत जातं ना तुमचं, तिथेच आहे जखम.'

नाकाच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग, नाकपुडीच्या तोंडापासून जेमतेम एक-दीड सेंटीमीटर आत, तिथे चार-पाच लहान रक्तवाहिन्या एकत्र येऊन जाळं करतात. त्याला लिटल्स एरिया म्हणतात. बहुतेक घोळणे इथूनच फुटतात. वरचं अस्तर अगदी पातळ आणि आत येणाऱ्या हवेचा पहिला फटका तिथेच. अस्तर कोरडं पडलं की भेगा जातात, भेगेवर खपली धरते, खपली ओढली की खालची कोवळी कातडी पण निघते, परत रक्त, परत खपली. माझा पडदा थोडा उजवीकडे वाकलेला आहे, त्यामुळे त्या बाजूला हवा जास्त जोरात घासून जाते, आणि म्हणून एकाच बाजूने. अर्थात एकाच बाजूने म्हटलं की त्या आधी आत गाठ वगैरे नाही ना ते बघतात, दुर्बिणीने बघितलं, काही नव्हतं. खपल्यांना घाण वास येतो का, वास घ्यायची ताकद कमी झालीय का, हेही विचारलं. तसं असतं तर तो वेगळाच आजार असू शकतो म्हणे, नुसत्या एसीवर ढकलून चालत नाही.

मी विचारलं, तिथे जाळून टाकतात ना औषधाने? त्या म्हणाल्या, सिल्व्हर नायट्रेटने करता येतं, पण आधी तीन आठवडे अस्तराला ओलं ठेवून बघू, कारण कोरडेपणा तसाच राहिला तर जाळलेल्या जागेवर परत खपली धरणारच. गरज पडलीच तर एका वेळी एकाच बाजूला करतात, दोन्हीकडे समोरासमोर केलं तर पडद्याला भोक पडायची भीती असते.

चिठ्ठीवर तीनच गोष्टी. साधा सलाइन स्प्रे (०.९ टक्के मिठाचं पाणी, त्यात दुसरं काही औषध नको), दिवसातून पाच-सहा वेळा. अँटिबायोटिक मलम दिवसातून दोनदा, सातच दिवस. आणि त्यानंतर पाण्यात विरघळणारं सलाइन जेल, सकाळी आणि झोपायच्या आधी. थेंब बंद, आजपासून. तपासणी ८००, दुर्बीण १२००, औषधं ४६०. ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये ओपीडी नसते, त्यामुळे सगळं खिशातून. मी तरी क्लेम टाकून बघितला, नऊ दिवसांनी 'नॉट कव्हर्ड' आलं.

आता पहिल्या आठवड्यात मी काय काय चुकीचं केलं ते सांगते, कारण चिठ्ठीवर हे लिहिलेलं नसतं.

स्प्रेची नळी मी सरळ आत घालून दाबायची, आणि फवारा नेमका पडद्यावर, जखमेवर. चुरचुरायचं. दुसऱ्या दिवशी फोन करून रिसेप्शनवर विचारलं तर त्यांनी पद्धत सांगितली: उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे तोंड करून राहते. डोकं किंचित पुढे. दाबताना जोरात ओढायचं नाही, हळू श्वास. पाणी घशात गेलं तर जास्त झालं किंवा डोकं मागे गेलं असं समजायचं. नळीचं टोक नंतर पुसायचं आणि बाटली आपली आपल्याजवळच, ऑफिसात फिरवायची नाही. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मी पेनने वर लिहिते.

मलम मी इयरबडने लावत होते. बडचं टोक मऊ वाटतं पण आत घासतंच, आणि कापसाचे धागे खपलीत अडकतात. आता पद्धत अशी की हात धुवायचे, नख कापलेलं हवं, करंगळीच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं मलम घ्यायचं, नाकपुडीच्या तोंडाशी आतल्या बाजूला ठेवायचं, घासायचं नाही, आणि मग बाहेरून नाक दोन बोटांनी हलकेच दाबून सोडायचं, चार-पाच वेळा. तेवढ्याने ते आपसूक पसरतं. आधी मी वाटाण्याएवढं घ्यायची, तर ते वितळून वरच्या ओठावर यायचं आणि धूळ चिकटायची. आणि आधी स्प्रे, पाच मिनिटांनी मलम किंवा जेल, उलटं नाही, कारण कोरड्यावर मलम लावलं तर खपली वरून मऊ होते आणि खालून तशीच राहते.

तुपाचं पण विचारलं, कारण आई रोज रात्री वाटी घेऊन उभी. डॉक्टर म्हणाल्या, तूप, तेल, पेट्रोलियम जेली, यातलं काही आत खोलवर आणि आडवं पडायच्या ऐन आधी घालू नका, रोज महिनोन्महिने तर नाहीच, झोपेत मागे ओघळून फुप्फुसात थोडं थोडं जाऊ शकतं, क्वचित त्रास होतो पण होतो. नाकपुडीच्या कडेला किंचित जेली लावली तर हरकत नाही, झोपायच्या अर्धा-एक तास आधी. आईला मी एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी तूप पोळीवर सांगितलंय. ती दोन दिवस बोलली नाही.

सहाव्या दिवशी, ११ एप्रिलला, ऑफिसात खपली आपोआप सुटली आणि चार थेंब आले. यावेळी मी तयार होते. खुर्चीत ताठ बसायचं, पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग (हाड संपतं त्याच्या खालचा, वरचं हाड दाबून काही होत नाही) दोन बोटांनी घट्ट धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडात रक्त आलं तर थुंकायचं. आणि मुख्य म्हणजे दहा मिनिटं सलग, घड्याळ लावून. दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून सोडून बघितलं की सगळं परत पहिल्यापासून. टिश्यूचा बोळा आत कोंबायचा नाही, काढताना तोच खपली घेऊन येतो. दहा मिनिटांनी नाही थांबलं तर अजून दहा, आणि तरीही चालूच असेल किंवा भळभळ येत असेल, चक्कर येत असेल, तर मग ब्लॉग वाचत बसायचं नाही, हॉस्पिटल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यांनी तर आधीच निघावं. माझं पहिल्या दहा मिनिटांतच थांबलं. त्यानंतर एक दिवस नाक शिंकरलं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

आता ऑफिस. औषधाने बरं होणार आणि तेरा नंबरवर परत फुटणार हे दिसतच होतं. ७ एप्रिलला फॅसिलिटीचं तिकीट टाकलं. दोन दिवसांनी ते 'रिझॉल्व्हड' म्हणून बंद, कोणी फिरकलं पण नाही. परत टाकलं, एक जण आला, यंत्र दाखवून म्हणाला, 'मॅडम, २२ डिग्री आणि ह्युमिडिटी बेचाळीस, रेंजमध्ये आहे.' मी पण ऑनलाइन साडेचारशेचं छोटं आर्द्रता मीटर आणलं होतं, त्यावरही बेचाळीस-त्रेचाळीसच. चाळीस ते साठ टक्के ठीक समजतात हे मलाही माहीत होतं. मग नाक का सुकतंय?

हे मला माझ्या भावाने समजावलं, तो एसीचंच काम करतो. टक्केवारी फसवी असते म्हणाला. गार हवेत मुळातच पाणी कमी मावतं. २२ अंशांवर ४२ टक्के म्हणजे एका घनमीटर हवेत जेमतेम ८ ग्रॅम पाणी. बाहेर ऐरोलीत एप्रिलमध्ये ३१ अंश, ७० टक्के, म्हणजे साधारण २२ ग्रॅम. आणि फुप्फुसात पोचेपर्यंत ती हवा शरीराच्या तापमानाला येऊन पूर्ण ओली व्हावी लागते, म्हणजे ४४ ग्रॅमच्या आसपास. मधला फरक कोण भरतं, नाक आणि घसा. बाहेर २२ भरायचे तर ऑफिसात ३६. श्वास सोडताना त्यातलं थोडं नाक परत मिळवतं, पण हिशोब तोट्यातच. आणि एसी हे पाणी नेतो कुठे, तर खिडकीबाहेर नळीतून टपटपतं ते हेच. आमच्या घरच्या एसीखाली आई बादली ठेवते झाडांना, रात्रभरात निम्मी भरते. ती बादली मी रोज बघत होते आणि मुंबईच्या दमट हवेत नाक कसं काय कोरडं पडतं असं विचारत होते! त्यात वरून झोत थेट तोंडावर, म्हणजे ओल्या कपड्यावर पंखा लावावा तसं.

तर मीटर दाखवून भांडण्यात अर्थ नव्हता. एचआरने डॉक्टरांचं पत्र मागितलं, ते मी ईएनटीकडून घेतलं (१०० रुपये, 'थेट एसीच्या झोताखाली बसणे टाळावे' एवढी एकच ओळ), १७ एप्रिलला मेल केलं, मॅनेजरला सीसी. नंतर तीन रिमाइंडर. २९ एप्रिलला एकवीस नंबर मिळाला, खांबाच्या आडोशाला, जाळीपासून लांब. तोपर्यंत शेजारच्याने जाळीखाली पुठ्ठा तिरका चिकटवून झोत वळवला होता, तो खरं तर जास्त कामाचा निघाला, पण ऑडिटच्या आधी काढायला लावला.

२६ एप्रिलला फॉलोअप. आत बघून डॉक्टर म्हणाल्या, खपली नाही, कातडी गुलाबी आहे, अजून कोवळी. जाळायची गरज नाही. मलम तर सातव्या दिवशीच थांबवलं होतं (उरलेली ट्यूब 'असू दे, परत लागेल' म्हणून ठेवली होती, ती फेकायला लावली, मनाने परत सुरू करायचं नाही म्हणाल्या). जेल अजून महिनाभर, स्प्रे शिफ्टच्या दिवशी. फी ५००.

मेमध्ये नागपूरला मावशीकडे गेले. जाताना थर्ड एसी, वरचा बर्थ, छताजवळचा झोत, रात्रभर चादर नाकावरून घेऊन झोपले आणि दर तीन तासांनी स्प्रे. नागपुरात ४४ डिग्री आणि बाहेरची हवा हाडं वाळवणारी, मला वाटलं आता संपलंच. पण मावशीकडे एसी नाही, खिडकीला वाळ्याचा मोठा कूलर. चार दिवस नाक एकदम शांत. कूलर हवेत पाणी घालतो आणि एसी काढतो, एवढाच फरक, पण नाकाला तो कळतो. तेच बघून मी आल्यावर घरी ह्युमिडिफायर घ्यायला निघाले होते, भावाने थांबवलं, मुंबईत बंद खोलीत रोज लावलास तर भिंतीला बुरशी धरेल, त्यापेक्षा एसी २६ वर ठेव आणि पंखा हळू लाव. तेच चालू आहे, सकाळी खोलीत मीटर पन्नासच्या वर असतं. झोत पायाकडे जाईल असा पलंग फिरवला, त्यासाठी कपाट सरकवावं लागलं, तो एक रविवार गेला.

वाफेचं बऱ्याच जणांनी सुचवलं. मला डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, गरम वाफेने तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि ताजी जखम परत वाहू शकते. जलनेतीही जखम भरेपर्यंत नको, आणि नंतर केलीच तर पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं कधीच नाही. पाणी जास्त प्या हेही सगळे सांगतात, मी पिते, पण तीन लिटर पिऊनही झोताखाली नाक सुकतच होतं.

सगळा खर्च धरून ३७१०, मीटर वगळून. नंतरची स्प्रेची बाटली मला साधारण महिनाभर जाते.

आता ऑगस्ट आहे. ११ एप्रिलनंतर घोळणा फुटलेला नाही, दोनदा टिश्यूवर गुलाबी रेघ आली, दोन्ही वेळा मी स्प्रे घरी विसरले होते आणि दोन्ही वेळा बोट गेलं होतं. पावसाळ्यात जेल बंद केलंय, स्प्रे शिफ्टमध्ये दोनदा, जेवणाच्या सुट्टीत आणि घरी निघताना. तेरा नंबरवर नवीन मुलगा बसतो, परवा सारखा नाक चोळत होता, त्याला पुठ्ठ्याचं सांगितलंय.